राग आला खरा, पुढचं मात्र मी केलं

पत्र

नमस्कार. माझा राग बाहेर कुणावर निघत नाही, घरातल्यांवरच निघतो. आईला हल्ली कमी ऐकू येतं. बहीण परगावी असते, आईचं सगळं माझ्याकडेच. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आईने तिसऱ्यांदा 'काय म्हणालीस?' विचारलं आणि मी 'जाऊ दे, तुला सांगून काही उपयोग नाही!' असं ओरडून हातातला फोन टेबलावर आपटला. मुलगा तिथेच गृहपाठ करत बसला होता. तेव्हापासून आई एकदाच विचारते. ऐकू आलं नाही तरी 'हो' म्हणून मान हलवते. मला पश्चात्तापाची एक कविता लिहायची आहे. लिहायला बसले की हे असं होतं:

मी आग आहे, मी विष आहे,
माझ्या जिभेला लागो कीड,
कुणाची लेक म्हणवायची माझी लायकी नाही,
देवा, मला क्षमाही नको.

वाचताना रडू येतं, पण मोकळं वाटत नाही. बहिणीला फोनवर वाचून दाखवली, तर ती म्हणाली, यात आई कुठे आहे? मग लिहायचं तरी कसं?

— एक वाचक

उत्तर

बहिणीचं बरोबर आहे. लांबून असं बोलणं सोपं असतं ही गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे मी शेवटी येईन.

तुमच्या चार ओळींखाली दुसऱ्या कुणाचं नाव घालून पाहा. भावाला फसवणारा माणूस, मुलाला घराबाहेर काढणारा बाप, कुणीही त्यांखाली सही करू शकेल. आग, विष, कीड, लायकी हे शब्द कुणालाही लागू पडतात. कबुलीजबाब मात्र एकाच माणसाचा असतो, एकाच संध्याकाळचा. ज्या ओळींखाली दुसऱ्या कुणाला सही करता येणार नाही, त्या तुम्ही मला पत्रात लिहून पाठवल्या आहेत. कवितेत त्यांतली एकही आलेली नाही.

असं का होतं, ते नीट पाहायला हवं, नाहीतर पुढचा मसुदाही याच वाटेने जाईल. 'मी विष आहे' हे वाक्य लिहायला कठीण वाटतं, पण त्यात एक सोय आहे. विष दुसरं काय करणार? त्याला पर्याय नसतो, म्हणून त्याला जबाबदारीही नसते. 'मी आईला म्हणाले, तुला सांगून काही उपयोग नाही' या वाक्यात ती सोय नाही. म्हणणारीला न म्हणता येत होतं. दुसरं वाक्य जास्त बोचतं, आणि तरी तेच तुम्हाला माणूस म्हणून उभं ठेवतं. स्वतःला शिव्या घालणं हा पश्चात्तापाचा वरचा टप्पा आहे, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते ती घडलेल्या गोष्टीपासून काढलेली पळवाट असते, फक्त तिचा पोशाख शिक्षेचा असतो.

संतांच्या अभंगांतही 'मी पतित' येतं, असं तुम्ही म्हणाल. येतं, आणि वारंवार येतं. पण तिथे पतित एकटा नसतो, समोर पतितपावन उभा असतो, आणि सगळा जोर त्या दोघांमधल्या नात्यावर असतो. तुमच्या कवितेत समोर कुणीच उरलेलं नाही. आई गेली, आणि 'क्षमाही नको' म्हणून देवालाही दार लावून घेतलंत. शिवाय या ओळी आईने उद्या वाचल्या, तर ती काय करेल? 'असं नको गं बोलू' म्हणत तुमचीच समजूत काढत बसेल. दुखावली ती, आणि सांत्वनाचं कामही तिच्याचकडे.

म्हणून पहिला मसुदा गद्यात करा, पंचनामा लिहितात तसा. कुठे, कोण कोण होतं, कोण काय म्हणालं, कुणाच्या हातात काय होतं, आधी काय घडलं, नंतर काय घडलं. विशेषणं नकोत, उपमा नकोत, 'भयंकर' नको, 'अक्षम्य' नको. तुम्ही उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. 'मी टाकून बोलले', 'नको ते बोलले' असं लिहायचा मोह होईल, कारण खरं वाक्य कागदावर आलं की ते पुन्हा ऐकावं लागतं. पण वाचणाऱ्यालाही तेच ऐकू यायला हवं.

हे लिहिताना क्रियापदांवर लक्ष ठेवा. रागाच्या बाबतीत आपली मराठी फार उदार आहे. राग येतो, आवाज चढतो, तोल जातो, शब्द तोंडातून निघून जातो, हातातली वस्तू आपटली जाते. सगळं आपोआप घडत असतं, करणारं कुणी नसतंच. पंचनाम्यातलं असं प्रत्येक वाक्य थांबवून विचारा, हे खरंच आपोआप झालं का? 'राग आला' हे खरं आहे. तो येतोच, तुम्ही बोलावला नव्हता. तेवढं वाक्य तसंच राहू द्या. पण आवाज तुम्ही चढवला, वाक्य तुम्ही म्हणालात, फोन तुम्ही आपटला. तिथे 'मी' लिहा.

माझ्या लेखी सगळ्या कवितेचा कणा हाच आहे. राग येण्याबद्दल पश्चात्ताप करू बसलात, तर तो कधी संपणार नाही, कारण राग पुन्हा येणार आहे, आणि प्रत्येक वेळी तुम्ही मुळातच नासलेल्या ठराल. पश्चात्ताप करायचा तो त्यानंतरच्या दोन-तीन कृतींचा. त्या मोजता येतात, आणि पुढच्या वेळी टाळताही येतात.

कारण सांगायचं का? सांगा, दडवू नका. दिवसभराचा शीण असेल, एकटीवर पडलेलं ओझं असेल. फक्त ते वाक्यात कुठे येतं, ते पाहा. 'मी ओरडले, पण दिवसभर दमले होते' असं लिहिलंत की 'पण'नंतरचा भाग आधीचं पुसून टाकतो. 'दिवसभर दमले होते. मी ओरडले.' इथे कारणही आहे आणि कृतीही आहे, दोन्ही आपापल्या जागी. कृती शेवटी येऊ द्या.

आणि आईबद्दल लिहिताना फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. 'तुझं काळीज फाटलं', 'तुझ्या डोळ्यांत समुद्र दाटला' असं काही सुचेल. तिच्या मनात काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही. तिने मान हलवली, एवढं माहीत आहे. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत जड वाक्य तेच आहे, आणि ते तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. न ऐकू आलेल्या गोष्टीला 'हो' म्हणणारी आई कवितेत आली, तर काळीज फाटल्याचं वेगळं सांगावं लागणार नाही.

आता छंदाचं. मुक्तछंदात लिहायला हरकत नाही, पण तुमच्या लिखाणाचा कल पाहता मी मोठा अभंग सुचवेन. एका कडव्यात चार चरण, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही. सहा अक्षरांत नाटक करायला जागाच उरत नाही, हा याचा पहिला फायदा. दुसरा, चौथा चरण आखूड असल्यामुळे आवाज तिथे खाली येतो. जे बोलायला जड जातं, ते त्या चार अक्षरांत ठेवावं.

तुमच्या पत्रातलं साहित्य घेऊन मी एक मसुदा केला आहे. तो तुमच्या नावाने वापरायला नाही, रीत दिसावी म्हणून.

तिसऱ्यांदा आई
'काय म्हणालीस?'
म्हणत आलीस
माझ्यापाशी.

'जाऊ दे, सांगून
उपयोग नाही
तुला आता काही'
म्हणाले मी.

राग आला खरा;
शब्द उच्चारला,
फोन आपटला
तो मात्र मी.

मुलाची पेन्सिल
वहीत थांबली,
मान हालवली
तू नुसती.

आता एकदाच
विचारणे तुझे,
न ऐकता माझे
'हो' म्हणणे.

विचार चौथ्यांदा;
समोर बसेन,
हळू मी सांगेन
जे म्हणाले.

तुमचं वाक्य चरणांत बसवताना मला शब्दांची जागा हलवावी लागली, 'आता' हा एक शब्द जास्तीचा आला आणि 'तुला सांगून' हा सलग तुकडा तुटला. हे मला पुरतं पसंत नाही. तुम्हाला मूळ वाक्य अक्षरशः ठेवायचं असेल, तर त्या एका कडव्यात छंद मोडा. तिथे लय तुटली तर चांगलंच आहे, त्या संध्याकाळीही ती तिथेच तुटली होती. पेन्सिल थांबली हेही मी कल्पून घातलं आहे. मुलाने तेव्हा खरंच काय केलं, ते तुम्हाला आठवत असेल, तेच घाला. त्याने मान वर न करता लिहिणं चालू ठेवलं असेल, तर ते थांबलेल्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी जड आहे.

शेवटचं कडवं आधी वेगळं झालं होतं. ते मी काढून टाकलं, पण दाखवते, कारण तुमचाही हात तिकडेच वळेल:

कधी न ओरडे
आता मी तुजला,
शब्द हा दिधला
तुला आई.

अक्षरं मोजा, बरोबर भरतात. यमकही आहे. तरी हे कडवं खोटं आहे, आणि दोन ठिकाणी खोटं आहे. 'तुजला' आणि 'दिधला' हे शब्द तुम्ही आईशी कधी बोलला आहात का? ते यमकासाठी आले, आणि त्यांच्या मागे लपायला छान जागा झाली. जुन्या वळणाची भाषा आली की आपण पोथी वाचल्यासारखं बोलू लागतो, आणि टेबलापाशी बसलेली आई लांब जाते. मोठ्याने वाचून पाहा. जो शब्द घरात बोलताना तुमच्या तोंडी येणार नाही, तो कवितेतून काढा. 'विचारणे तुझे' हेही थोडं पुस्तकी आहे, हे मला कळतं. त्याहून चांगलं सुचलं तर जरूर बदला.

दुसरं खोटं म्हणजे शपथ. 'कधीच ओरडणार नाही' हे तुमच्याच्याने होणार नाही, कुणाच्याच्याने होत नाही. दोन महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी आवाज चढेल, आणि मग हीच कविता तुम्हाला झोडपायला वापराल: बघ, लिहून दिलं होतंस. पुन्हा विष, पुन्हा कीड. म्हणून शेवटी अशी एकच गोष्ट लिहा, जी उद्या सकाळी करता येईल आणि केली की नाही हे कळेल. समोर बसून हळू सांगणं ही तशी गोष्ट आहे. ती मी नुसती गोड वाटली म्हणून घेतलेली नाही. वयाबरोबर ऐकणं कमी होतं, तेव्हा बहुधा उंच पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे स, त, फ असली व्यंजनं. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, व्यंजनं काही स्पष्ट होत नाहीत. उलट शब्द आणखी गढूळ होतो. समोर बसलं, चेहऱ्यावर उजेड असला, सावकाश बोललं, एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगितलं, की खूप फरक पडतो. आईची श्रवणचाचणी झाली नसेल तर ती करून घ्या. तो कवितेचा भाग नाही, पण 'मी आता काय करणार' या प्रश्नाचं उत्तर तिथूनही येतं.

क्षमा मागायची का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चौथ्या ओळीत तो उलटा होऊन आला आहे. 'क्षमाही नको' आणि 'मला क्षमा कर' या दोन्हींत आईने काय करायचं ते तुम्हीच ठरवता आहात. माझ्या मसुद्यात क्षमेचा शब्द नाही. 'विचार चौथ्यांदा' एवढंच आहे. तिने विचारलं तर विचारलं, पुन्हा मानच हलवली तर तो तिचा हक्क आहे. तुम्हाला क्षमेची ओळ हवीच असेल, तर ती मागणी म्हणून न लिहिता 'मी चुकले' इथे थांबवता येते का, ते पाहा.

मसुदा झाला की दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग पेन्सिल घेऊन 'मी'च्या पुढे काय येतं ते तपासा. 'मी'नंतर नाम किंवा विशेषण आलं, म्हणजे मी अशी, मी तशी, तर त्या जागी काहीतरी झाकलं गेलंय असं समजा आणि पंचनाम्यातून त्या जागेचं क्रियापद शोधून आणा. वाचताना रडू येतं का, ही कसोटी धरू नका. तुमची पहिली कविताही तुम्हाला रडवत होतीच. स्वतःची कीव आली तरी रडू येतं. त्यापेक्षा हे विचारा: वाचून झाल्यावर मला आईबद्दल आधी न दिसलेलं काही दिसलं का? मला हा मसुदा करताना ते 'एकदाच'पाशी दिसलं. पूर्वी ती तीनदा विचारायची, म्हणजे तुमचं बोलणं तिला हवं होतं.

आता बहिणीकडे येते. आईचं सगळं तुमच्यावर पडलं आहे आणि ती लांबून कवितेवर मत देते, याचा राग तुम्हाला येत असेल, तर तो चुकीचा नाही. कदाचित त्या संध्याकाळी टेबलावर जे आपटलं गेलं, त्यात तिच्या वाट्याचंही काही होतं. पण ते या कवितेत आणू नका. एका कवितेत दोन हिशोब आले की एक दुसऱ्याची वजावट करतो. बहिणीची चूक मोठी होत जाते आणि आईची ओळ बारीक होते. त्या रागाचा वेगळा कागद करा, आणि तो कवितेचा न करता कामं वाटून घेण्याचा करा. आईला कोणत्या दिवसांत ती नेऊ शकते, खर्चातला किती भाग ती उचलू शकते, हे सरळ विचारा. पश्चात्ताप झाला म्हणजे तुमची तक्रार खोटी ठरत नाही.

जिभेला कीड लागो, मी कुणाची लेक नव्हे, असले विचार कागदापुरते असतील तर मसुदा बदलला की तेही बदलतील. पण ते दिवसभर डोक्यात फिरत असतील, झोप लागत नसेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर कविता बाजूला ठेवा आणि वेळ न घालवता डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. तसंच, हात उगारण्यापर्यंत किंवा वस्तू फेकण्यापर्यंत गोष्ट वरचेवर जात असेल, तरी त्या रागावर वेगळं काम करावं लागतं. ते कविता करून होत नाही.

आईला ही कविता द्यायची का? लगेच नको. आधी तोंडी सांगा, समोर बसून, दोन वाक्यांत: 'त्या दिवशी मी तुला म्हणाले की तुला सांगून उपयोग नाही. ते मी चुकीचं बोलले.' तिला ऐकू आलं नाही, तर पुन्हा सांगा. ती विषय टाळू लागली, तर तेवढ्यावर थांबा. नंतर कधी तिने विचारलं किंवा तुम्हाला तशी वेळ वाटली, तर कविता मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हातात द्या, वाचून दाखवू नका; वाचून दाखवताना तुमचा आवाज कापेल आणि ती अक्षरांऐवजी तुमच्याकडे पाहत बसेल. मुलाला मात्र कविता देऊच नका. त्याला एवढंच सांगा की त्या दिवशी आजीवर ओरडणं चूक होतं, ती चूक माझी होती आणि मी आजीला तसं सांगितलं आहे. हे शेवटचं वाक्य खरं झाल्यावरच त्याच्याशी बोला.